तीन एक्स अधिक सहा

आमच्या गावाच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी बारावी सायन्सला गणित शिकवायचे, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर शिक्षिका, नाही घेतला तर कोणीच नाही. जूनमध्ये या, मार्चमध्ये जा, पुढच्या जूनमध्ये बोलावतीलच असं नाही. मुलांना हे नीट माहीत असतं. त्यामुळे तासिकावाल्या मॅडमला ती पाहुण्यासारखी वागवतात, म्हणजे प्रेमाने, पण फार ऐकून न घेता.

त्या वर्षी गणिताची पूर्णवेळ जागा निघाली. संस्थेसमोर पाठ घ्यायचा, मग मुलाखत. वयाच्या अटीत बसण्याचं माझं ते शेवटचं वर्ष होतं. यंदा जागा हुकली असती, तर पुढे फक्त तासिका, नाहीतर घरी शिकवण्या. हे मी कोणाला बोलून दाखवत नव्हते, पण घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि म्हणूनच सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होते. मला गोड बोलण्याचा राग येतो. जागा मिळाली तर शेगावला जाऊन येईन, असं सासूबाईंनी गजानन महाराजांना कबूल केलं, त्याचाही मला राग आला, आणि त्यांनी ते माझ्या देखत कबूल केलं याचा जास्त आला.

पाठाचा विषय आधी कळवला होता. वर साधी एक्सची पदावली, खाली एक्स वर्गाची, अशा अपूर्णांकाचं इंटिग्रेशन. ज्यांचा गणिताशी संबंध दहावीत सुटला, त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. खालच्या छेदाचा डेरिव्हेटिव्ह काढायचा. तो जर जसाच्या तसा वर बसलेला असेल तर काम झालं, उत्तर छेदाचा लॉग. पण पुस्तकातली गणितं इतकी भली नसतात. म्हणून वरच्या अंशाचे दोन तुकडे करायचे. एक तुकडा म्हणजे त्या डेरिव्हेटिव्हची काही पट, तिला आपण ए म्हणतो. दुसरा तुकडा म्हणजे जो नुसता आकडा उरेल तो, त्याला बी म्हणतो. पहिल्या तुकड्याचा लॉग होतो. दुसऱ्यासाठी खालचा छेद पूर्ण वर्ग करून पाहायचा, आणि मग तो जे मागेल ते द्यायचं.

वर्गात मी हे वऱ्हाडीतच सांगायचे. "खालच्याले हात लावू नोका. वरच्याले खालच्याच्या मापात बसवा. उरलं ते बाजूले ठेवा, त्याचं मंग पाहू." मुलांना ते पटायचं. त्यांची चूक ठरलेली असायची. ए काढला की तो डेरिव्हेटिव्हच्या एक्सलाच गुणायचा, शेजारच्या आकड्याला गुणायचाच नाही, आणि वरचा आकडा उचलून जशाच्या तसा बी म्हणून लिहून टाकायचा. दरवर्षी तीच चूक, नवीन हस्ताक्षरात. मी दरवर्षी ओरडायचे की ए कंसाबाहेर आहे तर कंसातल्या सगळ्यांना गुणेल, त्याला काय आवडनिवड आहे का.

प्राचार्य सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की पाठ मात्र प्रमाण भाषेत घ्यायचा. विषयतज्ज्ञ पुण्याकडचे येणार आहेत, त्यांच्यासमोर "नोका" आणि "मंग" नको. मी "बरं सर" म्हटलं. सरांनी माझ्या "बरं सर"कडे संशयाने पाहिलं, कारण ते मला बरीच वर्षं ओळखत होते.

घरी नवरा अध्यक्ष झाला. तो कोर्टात लिपिक आहे. गणिताशी त्याचा संबंध फाइलींच्या क्रमांकांपुरता. पण आमच्या संस्थेची एक रीत आहे, त्यामुळे कोणीतरी अध्यक्ष व्हायलाच हवं होतं. गणिताच्या पाठात आकडे उमेदवाराने निवडायचे नसतात, अध्यक्ष देतात. आमचे अध्यक्ष जिनिंगवाले. कापूस विकत घेताना ते गाडीच्या वरचा कापूस कधी पाहत नाहीत, मधे हात घालून मूठ बाहेर काढतात. वरचा सगळेच पांढरा ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. उमेदवारांचंही ते तसंच करतात.

तर नवरा जेवणाच्या ताटावर बसून मला आकडे द्यायचा. एकदा त्याने वर दोन एक्स अधिक नऊ आणि खाली एक्स वर्ग अधिक दोन एक्स अधिक एक दिलं. खाली एक्स अधिक एकचा पूर्ण वर्गच निघाला. पहिल्या तुकड्याचा लॉग झाला, सात उरले, आणि त्यांचं उत्तर आलं उणे सात भागिले एक्स अधिक एक. नवऱ्याने भात कालवता कालवता विचारलं की मी उणे कुठेच दिलं नव्हतं, हे आलं कुठून. मी समजावून सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. कोर्टात राहून त्याला उलटतपासणीची सवय लागली आहे. शेवटी मी म्हटलं की तुम्हाला जेवायचं आहे की गणित शिकायचं आहे, एक काहीतरी ठरवा. त्याने जेवण ठरवलं.

पाठाच्या दिवशी आम्ही तीन उमेदवार होतो. एक जण अकोल्याचा, जाड चष्म्याचा, अबोल. दुसरा पुण्यात शिकून आलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं असं की जणू बातम्या सांगतोय. मी तिसरी, आणि माझं नाव सगळ्यात शेवटी. आम्हाला वाचनालयात बसवलं होतं. ज्याचा पाठ झाला त्याने परत आत यायचं नाही, मुलाखतीसाठी ऑफिसबाहेर जाऊन थांबायचं, असा नियम.

पण पिण्याच्या पाण्याचा माठ वाचनालयाच्या दारातच होता. पुण्यात शिकून आलेला उमेदवार पाठ संपवून बाहेर आला, माठाशी थांबला, एक ग्लास प्यायला आणि कोणाकडे न पाहता म्हणाला, "गणितच चुकीचं दिलंय." आणि निघून गेला.

अकोलेकर त्याच्यानंतर गेला. तो बाहेर आला तेव्हा पाणीही न पिता सरळ निघून गेला. मी जागेवर बसून हातातल्या खडूचं टोक नखाने कुरतडत राहिले. चुकीचं गणित दिलंय म्हणजे काय? आमचे अध्यक्ष आकडे देतात, आकडा कसा चुकीचा असेल? आणि खरंच चुकीचा असेल, तर तो चूक आहे हे अध्यक्षांना मी सांगू का, या वयाच्या अटीत बसून?

वर्गात गेले तर बारावीची सगळी पोरं हजर. माझीच. मागच्या बाकावर तज्ज्ञ, प्राचार्य सर आणि मध्ये अध्यक्ष. पांढरा सदरा, हात बाकावर, चेहरा रागावलेला. ते का रागावलेत हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं माझ्यावरच.

मी प्रमाण भाषेत सुरुवात केली. "विद्यार्थी मित्रांनो, आज आपण एका विशिष्ट प्रकारच्या संकलनाचा अभ्यास करणार आहोत." पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीत तोंड घातलं. मी दोन तुकड्यांची रीत समजावली, नेहमीचा इशारा दिला की ए कंसातल्या सगळ्यांना गुणतो, आणि मग अध्यक्षांकडे वळून विनंती केली की आकडे द्यावेत.

तज्ज्ञांनी आधीच सांगून ठेवलं होतं की एक्स वर्गाचा गुणक एकच असू द्या. बाकी अध्यक्षांचं राज्य. ते म्हणाले, "तिघांले एकच. वर तीन एक्स अधिक सहा. खाली एक्स वर्ग, अधिक चार एक्स, अधिक तेरा."

मी लिहिलं. खालच्याचा डेरिव्हेटिव्ह दोन एक्स अधिक चार. वरचे तीन एक्स अधिक सहा म्हणजे ए गुणिले दोन एक्स अधिक चार, अधिक बी. एक्सचे गुणक जुळवले. दोन ए बरोबर तीन, म्हणून ए दीड. मग आकडे जुळवले. चार ए अधिक बी बरोबर सहा. चार दीड सहा. सहा अधिक बी बरोबर सहा.

माझा हात थांबला.

बी शून्य. दुसरा तुकडाच नाही. ज्या तुकड्यासाठी मी एवढं भाषण दिलं, छेदाचा पूर्ण वर्ग कसा करायचा याचा घरी इतका सराव केला, तो तुकडा आलाच नाही. मला पहिल्यांदा जे वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं मी चुकले. मी वरपासून तपासलं. डेरिव्हेटिव्ह बरोबर. ए बरोबर. पुन्हा सहा अधिक बी बरोबर सहा. मग वाटलं की माठापाशी तो म्हणाला तेच खरं असणार, गणितच चुकीचं आहे. पुन्हा तपासलं. फळ्याकडे तोंड करून उभी असलेली बाई किती वेळ विचार करू शकते याला मर्यादा असते आणि ती मी ओलांडत होते. मागून बाक करकरल्याचा आवाज आला. मी त्या क्षणी नवऱ्याला, सासूबाईंना, शेगावला, सगळ्यांना मनातल्या मनात बोल लावून घेतला.

पहिल्या बाकावरच्या मुलीला माझी दया आली असावी. तिने विचारलं, "मॅडम, बी कुठी गेला?"

आणि माझ्या तोंडातली प्रमाण भाषा निघून गेली. मी म्हटलं, "कुठी जाईन? तो आलाच नाही. वरचं पूर्ण खालच्याच्या मापात बसलं, काहीच उरलं नाही."

पोरं हसली. मग मी वळलेच नाही, लिहीतच गेले. तीन एक्स अधिक सहा म्हणजे दीडपट दोन एक्स अधिक चार, अधिक शून्य. उत्तर दीड गुणिले लॉग, कंसात एक्स वर्ग अधिक चार एक्स अधिक तेरा, अधिक सी. खाली दोन रेघा मारल्या. तज्ज्ञांनी लॉगला मापांक का लावला नाही ते विचारलं. मी म्हटलं की छेद म्हणजे एक्स अधिक दोनचा वर्ग अधिक नऊ, तो उणे होतच नाही, तर उभ्या रेघा कशाला. त्यांनी समोरच्या कागदावर खूण केली.

मग अध्यक्षांची पाळी आली. ते उठून उभे राहिले. "मॅडम, एक पोरगा मले म्हणून गेला का गणित चूक हाये. दुसऱ्यानं मले न इचारता सहाचे आठ केले. तुम्ही सांगा, माह्यं गणित चूक हाये का?"

तेव्हा मला त्यांचा चेहरा समजला. सकाळपासून हा माणूस स्वतःच्या आकड्यांचा अपमान सहन करून बसला होता. मी त्यांना दिलासा द्यायला गेले आणि म्हटलं, "नाही शेठजी, चूक नाही. सोपं हाये."

प्राचार्य सरांनी कपाळाला हात लावला. तो मी पाहिला आणि मला कळलं की मी काय बोलून बसले. पुण्याच्या तज्ज्ञांसमोर, भर वर्गात, संस्थेच्या अध्यक्षांना मी सांगितलं होतं की तुमचं गणित सोपं आहे. पोरं हसायची थांबली. चूक म्हटलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं.

"सोपं?" अध्यक्ष म्हणाले. "मंग बी काढाची एवढी खटपट काऊन केली? आधीच म्हणाचं होतं, काही उरत नाही."

"कसं म्हणू?" मी विचारलं. "उरते का नाही उरत ते खटपट केल्याबिगर कसं समजन? तुम्ही आकडे दिले तवा तुम्हाले बी माहीत नव्हतं."

यावर ते खाली बसले. मला वाटलं आता गेलं. जागा गेली, तासिकाही गेल्या. उद्यापासून बैठकीत सतरंजी टाकून शिकवण्या. तज्ज्ञांनी घसा खाकरून सांगितलं की दुसऱ्या तुकड्याचं प्रात्यक्षिक राहून गेलं आहे, ते पाहिल्याशिवाय गुण देता येणार नाहीत, उमेदवाराने आता स्वतःच्या आकड्यांनी करून दाखवावं. ती त्यांची मेहेरबानी होती. पण मी म्हटलं की आकडे शेठजींचेच राहू द्या, त्यातला एकच बदलू, तोही त्यांनीच बदलावा. हे मी धोरणाने बोलले असं नंतर नवरा म्हणाला. धोरण कसलं, मला त्यांच्या गणिताचा थोडा कैवार घ्यायचा होता.

अध्यक्ष म्हणाले, "सहाचे सात करा."

सात केले. दीडपट तीच, चार दीड सहा, आणि एक उरला. फक्त एक. त्या एकाचा तुकडा वेगळा मांडला, खाली एक्स अधिक दोनचा वर्ग अधिक तीनचा वर्ग, आणि उत्तरात लॉगच्या पुढे येऊन बसला एक तृतीयांश टॅन इन्व्हर्स, कंसात एक्स अधिक दोन भागिले तीन. एका आकड्याच्या फरकाने एवढं मोठं शेपूट वाढलेलं पाहून अध्यक्ष बाकावरून पुढे झुकले.

"अन् पाच केले तं?"

"उणे एक. तेच शेपूट, उणे लागून."

"मी उणे देल्लं नाही."

"नाही देल्लं. दीडपट घेतली का सहा होतात, तुम्ही पाचच देता. मंग एक परत कराव लागते."

हे त्यांना इतकं पटलं की ते सौद्याला बसल्यासारखे सुरूच झाले. आठ केले तर? दोन उरले. तीनचे चार एक्स केले तर? मग ए दोन, चार दोनी आठ, सहातून आठ गेले, उणे दोन. पोरं माझ्या आधी उत्तरं ओरडायला लागली. जी चूक मी वर्षानुवर्षं ओरडून काढू शकले नव्हते, ती त्या दिवशी एकानेही केली नाही, कारण वरचा आकडा उचलून बी म्हणून लिहिणाऱ्याला अध्यक्ष स्वतः हटकत होते. शेवटी तज्ज्ञांनी घड्याळ दाखवून पाठ थांबवला. नाहीतर शेठजींनी खालच्या तेराला हात घातला असता.

मुलाखतीत तज्ज्ञांनी मला भाषेबद्दल सुनावलं. शिक्षकाची भाषा अशी असावी, तशी असावी. मी ऐकून घेतलं. त्यांचं पूर्ण चूक होतं असं म्हणणार नाही. बोर्डाचा पेपर "मंग"मध्ये लिहिता येत नाही. शेवटी अध्यक्षांनी एकच विचारलं. त्या पोराला शून्य आलं तर त्याला गणित चूक वाटलं. तुम्हाला नाही वाटलं?

मी थकले होते, त्यामुळे खरं बोलले. "वाटलं. आधी मी चुकली असं वाटलं, मंग तुम्ही चुकले असं वाटलं."

"मंग?"

"मंग तपासलं. शून्यच येत होतं. म्हणून शून्य लिहिलं."

त्यांनी मान हलवली आणि जायला सांगितलं.

संध्याकाळी प्राचार्य सरांचा फोन आला. मी तेव्हा चक्कीवर ज्वारीचा डबा घेऊन उभी होते. चक्कीच्या आवाजात मला फक्त "मॅडम" आणि "अभिनंदन" एवढंच ऐकू आलं. मी डबा तिथेच सोडून रस्त्यावर आले आणि परत विचारलं. सर म्हणाले, जागा तुमची. मी रडले. भर रस्त्यात, चक्कीच्या पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी डोळे पुसत. मला रडायचं नव्हतं आणि मी रडले याचाही मला राग आला, पण फार नाही. घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने आधी विचारलं की ज्वारी कुठे आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्गात गेले. पोरांना बातमी माझ्या आधी लागली होती. टाळ्या वाजल्या, पहिल्या बाकावरच्या मुलीने फळ्यावर काहीतरी लिहायचा प्रयत्न केला, मी तो पुसला. मग मागून एक मुलगा उठला. दोन्ही चाचण्यांत गणितात नापास झालेला, अभ्यास न करणारा आणि ते न लपवणारा. आमच्या कॉलेजात दरवर्षी तासिकावाले बदलतात. राहिलेल्या विषयाचा फॉर्म भरून आलेल्या मुलांना पुढच्या वर्षी शंका कोणाला विचारायची ते कळत नाही. एक मॅडम एका रीतीने शिकवून जातात, दुसरे सर वेगळीच रीत घेऊन येतात. हे त्याने त्याच्या मोठ्या भावाच्या वेळी पाहिलेलं होतं. तो हाताची घडी घालून म्हणाला, "म्हणजे मॅडम, आता मी नापास झालो तरी पुढच्या वर्षी मले तुम्हीच?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

त्याने जरा विचार केला. मग वही उघडली आणि विचारलं की तो ए सगळ्यांना का गुणतो, ते एकदा पुन्हा सांगा.